‘समाधानी आहात का?’ हा प्रश्न काढून टाकला तेव्हा : नर्सिंग सेवेवरची प्रश्नावली तयार करताना

बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाचा गट प्रकल्प होता. विषय साधा : सरकारी रुग्णालयातल्या सर्जरीच्या स्त्री आणि पुरुष वॉर्डांत दाखल रुग्णांना नर्सिंग सेवा कशी वाटली. मुख्य अभ्यासात साठ रुग्ण घ्यायचे होते. या साठ जणांकडून माहिती गोळा करायला तीन आठवडे लागले, पण ज्या प्रश्नावलीने ती गोळा केली ती तयार करायला नऊ आठवडे गेले. २४ प्रश्नांनी सुरुवात झाली. तज्ज्ञांनंतर २० उरले, रुग्णांशी बोलल्यावर १८ आणि चाचणीनंतर १६. कोणता प्रश्न कुठे आणि का गळला, हे इथे लिहितो आहोत. प्रबंधात या सगळ्याला ‘साधन प्रमाणित करण्यात आले’ एवढीच ओळ मिळते, आणि पुढच्या वर्षीच्या मुलींना त्या ओळीचा काही उपयोग होत नाही.

तयार प्रश्नावली का घेतली नाही, हे आधी. या विषयावर चांगली साधने आहेत. नॅन्सी रिसर यांचे १९७५ चे साधन, १९९६ चे न्यूकॅसलचे, हेदर लॅशिंजर यांचे २००५ चे एकोणीस प्रश्नांचे. ती वाचली, त्यांतले विभाग समजून घेतले. पण घ्यायचे तर मूळ लेखकांची परवानगी, भाषांतर आणि मराठीत पुन्हा सगळी तपासणी हे चुकत नाही. आणि आपल्या वॉर्डची रचनाच वेगळी आहे. बेडजवळ बेल नसते, नातेवाईक उठून सिस्टरना बोलावायला जातो. अंग पुसणे, भरवणे, बेडपॅन देणे यातले बरेचसे घरचे माणूस नाहीतर मावशी करतात. म्हणून विभाग अभ्यासातून घेतले आणि प्रश्न आपले लिहिले. सहा विभाग ठरवले : माहिती देणे, बोलावल्यावर येणे, वेदना आणि प्रक्रियेतले कौशल्य, आडोसा आणि मान, धीर देणे, घरी जाताना दिलेल्या सूचना. प्रत्येकात चार प्रश्न. प्रश्न लिहिण्याआधी हा तक्ता कागदावर करून ठेवला हे बरे झाले, नाहीतर ‘बोलणे गोड आहे का’ याच अर्थाचे दहा प्रश्न झाले असते. सुचायला तेच सगळ्यात सोपे असतात.

प्रश्न आधी इंग्रजीत लिहून मग मराठीत आणायचे, आणि दुसऱ्या कुणाकडून परत इंग्रजीत करून दोन्ही जुळतात का पाहायचे, अशी रूढ पद्धत आहे. पहिले सहा प्रश्न आम्हीही तसेच केले. त्यातला एक होता : ‘परिचारिकेने आपल्या गोपनीयतेचा आदर राखला का?’ उलट भाषांतर अगदी तंतोतंत आले. भाषांतर करणाऱ्या बाईंना इंग्रजी उत्तम येत होते, मराठीही. पण वॉर्डात पहिल्याच काकूंना तो वाचून दाखवला तर त्या म्हणाल्या, “गोपनीय म्हणजे, आमचा आजार कुणाला सांगितला का, असं विचारताय?” आम्हाला विचारायचे होते ड्रेसिंगच्या वेळच्या आडोशाबद्दल. उलट भाषांतर शब्दांची जोडी तपासते. समोरच्या माणसाला काय कळले, ते तपासत नाही. किंबहुना मराठी जितकी पुस्तकी, तितके उलट भाषांतर जास्त हुबेहूब येते, कारण ते शब्द मुळात इंग्रजीवरूनच घडवलेले असतात. त्यानंतर आम्ही क्रम उलटा केला : आधी वॉर्डात बोलतात त्या मराठीत प्रश्न, आणि विद्यापीठाला सादर करण्यासाठी त्याचे इंग्रजी.

त्या प्रश्नाचे पुढचे रूप होते, ‘ड्रेसिंग करताना सिस्टर पडदा ओढून घ्यायच्या का?’ हेही चुकीचे निघाले. पुरुष वॉर्डात पडद्याचे रॉड होते, पडदे नव्हते. सगळ्या रुग्णांनी ‘कधीच नाही’ म्हटले असते आणि खापर सिस्टरवर फुटले असते. मोजायचे आहे नर्सिंग आणि मोजली जाते खरेदी विभागाची ढिलाई, असे होते ते. शेवटी प्रश्न ठरला : ‘अंगावरचे कपडे बाजूला करावे लागले, तेव्हा सिस्टर पडदा, स्क्रीन किंवा चादर धरून आडोसा करायच्या का?’ ‘आडोसा’ हा शब्द एकाही रुग्णाला समजावून सांगावा लागला नाही.

आता ‘समाधान’. मसुद्यात सहा प्रश्न ‘…याबद्दल तुम्ही समाधानी आहात का?’ असे होते, आणि उत्तरे ‘पूर्णपणे समाधानी’पासून ‘अजिबात समाधानी नाही’पर्यंत पाच. विषयाच्या नावातच समाधान असल्याने हे सहज आले. पण आपल्याकडे समाधानी असणे हा माणसाचा गुण आहे. “आम्ही आहे त्यात समाधानी आहोत,” हे उत्तर तीन वेगवेगळ्या रुग्णांकडून जवळजवळ याच शब्दांत आले, आणि त्यातल्या एकाची सलाईन रात्री दोन तास बंद पडलेली होती. आम्ही सेवेबद्दल विचारत होतो आणि ते स्वतःच्या स्वभावाबद्दल सांगत होते. शिवाय असमाधानी आहे म्हणणे म्हणजे कुरकुऱ्या ठरणे. म्हणून समाधान हा शब्द सगळ्या प्रश्नांतून काढला, फक्त शेवटच्या एका एकंदर प्रश्नात ठेवला, आणि बाकी सगळीकडे ‘काय घडले, किती वेळा घडले’ असे विचारले.

त्यामुळे उत्तरांचे मापही बदलले. ‘पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ…’ हे ऐकून रुग्ण गोंधळत, आणि ‘तटस्थ’ तर कुणीच निवडत नसे. चार पर्याय घेतले : नेहमी (४), बहुतेक वेळा (३), कधी कधी (२), कधीच नाही (१). पाचवा चौकोन ‘गरज पडली नाही’, त्याला गुण नाहीत. वाचता न येणाऱ्यांसाठी एक आधार दिला : “समजा चार वेळा बोलावलं, तर किती वेळा लवकर आल्या?” चारही वेळा म्हणजे नेहमी, तीनदा म्हणजे बहुतेक वेळा, एकदा-दोनदा म्हणजे कधी कधी. हे वाक्य सगळ्यांनी याच शब्दांत वापरायचे, असे प्रश्नावलीच्या कागदावरच छापले.

मसुदा तज्ज्ञांकडे गेला तेव्हा त्यात २४ प्रश्न होते. सात जणांना दिला : मेडिकल-सर्जिकल नर्सिंगच्या तीन शिक्षिका, दोन वॉर्ड इन्चार्ज सिस्टर, कम्युनिटी मेडिसिनचे एक डॉक्टर आणि मराठीच्या एक प्राध्यापिका. इथे नेहमी होणारी चूक अशी, की तज्ज्ञांना प्रश्नावली आणि प्रमाणपत्राचा नमुना एकदमच दिला जातो. कामाच्या गर्दीत तज्ज्ञ दोन शब्द सुधारून सही करतात, आणि आकडा काढायला हातात काहीच उरत नाही. आम्ही प्रमाणपत्र नंतर दिले. आधी फक्त तक्ता : प्रत्येक प्रश्नासमोर १ ते ४, म्हणजे ‘संबंध नाही’पासून ‘अगदी संबंधित’पर्यंत, आणि शेजारी ‘बदल सुचवा’ची रिकामी जागा. वर विभागाची दोन ओळींत व्याख्या. व्याख्या नसेल तर तज्ज्ञ प्रश्न चांगला आहे का ते सांगतात, त्या विभागात बसतो का ते सांगत नाहीत.

सहा तक्ते परत आले. हिशेब सोपा आहे. एखाद्या प्रश्नाला ३ किंवा ४ देणाऱ्यांची संख्या भागिले एकूण तज्ज्ञ, म्हणजे त्या प्रश्नाचा आशय-वैधता निर्देशांक. मेरी लिन यांनी १९८६ मध्ये घालून दिलेला दंडक असा, की तज्ज्ञ पाच किंवा कमी असतील तर सगळ्यांचे एकमत हवे. सहा किंवा जास्त असतील तर ०.७८ चालते. पाचच तज्ज्ञ घेणाऱ्या गटांना हे ठाऊक नसते. पाचपैकी चौघे हो म्हणाले, ०.८० आला, म्हणून प्रश्न ठेवतात. या दंडकाप्रमाणे तो गळायला हवा. एक तज्ज्ञ वाढवल्याने थोडे सोपे जाते : सहापैकी पाच म्हणजे ०.८३, पास. सहापैकी चार म्हणजे ०.६७, नापास. आमचे चार प्रश्न ०.६७ किंवा खाली आले. त्यातले दोन जेवण आणि स्वच्छतागृहाबद्दल होते, जे नर्सिंगच्या हातात नाही. एक औषधांच्या उपलब्धतेचा होता. चौथा ‘सिस्टरांनी औषधे वेळेवर दिली का?’ हा होता, आणि इन्चार्ज सिस्टरांनी शेजारी नेमके लिहिले होते : ‘वेळ कोणती हे रुग्णाला माहीत नसते.’

उरलेल्या २० पैकी १४ प्रश्नांवर सहाही जणांचे एकमत होते आणि ६ प्रश्न ०.८३ वर होते. आता पूर्ण साधनाचा निर्देशांक दोन रीतींनी निघतो. सगळ्या प्रश्नांच्या आकड्यांची सरासरी काढली तर १४ आणि ६ गुणिले पाच-षष्ठांश, म्हणजे ५, मिळून १९ भागिले २० : ०.९५. फक्त संपूर्ण एकमताचे प्रश्न मोजले तर १४ भागिले २० : ०.७०. दोन्ही बरोबर आहेत, दोन्हींना एकाच नावाने ओळखले जाते, आणि बहुतेक प्रबंधांत कोणता काढला ते लिहिलेले नसते. डेनिस पोलिट आणि चेरिल बेक यांनी २००६ मध्ये नेमका हाच घोळ दाखवला होता आणि सरासरीसाठी ०.९० ची अपेक्षा ठेवली होती. आम्ही दोन्ही आकडे रीतीसह लिहिले.

तज्ज्ञांची मर्यादा मात्र इथेच दिसली. सहाही जणांनी ४ दिलेला, म्हणजे पैकीच्या पैकी मिळालेला एक प्रश्न होता : ‘ड्रेसिंग करताना सिस्टर निर्जंतुक पद्धत पाळायच्या का?’ नर्सच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे काय असणार? पण रुग्णाला ते दिसते का, कळते का, हे तज्ज्ञांच्या तक्त्यात कुठेच विचारलेले नसते. संबंध असणे वेगळे आणि उत्तर देता येणे वेगळे.

ते कळते रुग्णासमोर बसल्यावर. या टप्प्याला काही लोक प्रश्नावलीची पूर्वपरीक्षा म्हणतात. आमच्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा आणि नेमका हाच टप्पा वगळला जातो, कारण यातून टक्के निघत नाहीत. आठ रुग्ण घेतले : चार स्त्रिया, चार पुरुष, दोघांना वाचता येत नव्हते, तिघे साठीच्या पुढचे. एक जण प्रश्न वाचायची, दुसरी फक्त लिहायची. प्रत्येक उत्तरानंतर दोन गोष्टी विचारायच्या : “काका, मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा बरं,” आणि “हे उत्तर देताना तुम्हाला कुठली वेळ आठवली?” वीस प्रश्नांना या पद्धतीने पाऊण तास लागतो, म्हणून प्रत्येकाला दहाच प्रश्न विचारले. प्रत्येक प्रश्न चौघांकडून तपासून झाला. बदल केलेले प्रश्न पुढच्या आठवड्यात आणखी चौघांना विचारले.

निर्जंतुक पद्धतीच्या प्रश्नावर चारही उत्तरे ‘नेहमी’ आली, आणि आठवलेला प्रसंग कुणालाच सांगता येईना. “आता ते आपल्याला काय कळतंय ताई, केलंच असेल त्यांनी.” प्रश्न काढला. अंग पुसण्याबद्दलचा प्रश्नही काढला, कारण चौघांपैकी तिघांना आठवली ती स्वतःची बायको नाहीतर सून.

सगळ्यात मोठा शोध मात्र ‘सिस्टर’ या शब्दाचा होता. रुग्णाच्या लेखी सिस्टर कोण? एका आजींनी ज्या सिस्टरचे तोंडभरून कौतुक केले, ती पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी होती. एका काकांनी ज्यांच्याबद्दल तक्रार केली, त्या वॉर्डातल्या मावशी निघाल्या. पुरुष वॉर्डात ब्रदर होते, आणि त्यांना रुग्ण डॉक्टर म्हणत. म्हणजे प्रश्न उत्तम असूनही उत्तर भलत्याच माणसाबद्दल येत होते. आकडेवारीत हे कधीच दिसले नसते. म्हणून प्रश्नावलीच्या सुरुवातीला तीन वाक्ये घातली : ‘सिस्टर किंवा ब्रदर म्हणजे या वॉर्डात पगारावर काम करणारे, सुई-सलाईन-ड्रेसिंग करणारे. शिकायला येणाऱ्या मुली-मुलांबद्दल आणि मावशी-मामांबद्दल आम्ही विचारत नाही. कोणता गणवेश कुणाचा ते आधी दाखवतो.’ आणि खरोखर वॉर्डात हाताने दाखवले. पाच मिनिटे जास्त गेली.

१८ प्रश्नांची चाचणी घ्यायची वेळ आली, तेव्हा किती रुग्ण घ्यायचे हा वाद झाला. मुख्य नमुन्याच्या दहा टक्के घ्यावेत असा प्रघात आहे. साठचे दहा टक्के म्हणजे सहा. काम नीट होते का, फॉर्म भरायला किती वेळ लागतो, हे पाहायला सहा पुरतात. पण सहा जणांवर काढलेला विश्वासार्हतेचा आकडा एका माणसाच्या उत्तराने वर-खाली होतो. आम्ही तीस घेतले, आणि ते मुख्य साठांत धरले नाहीत. किमान तीन दिवस वॉर्डात राहिलेले, अठरा वर्षांवरचे, शुद्धीवर आणि बोलू शकणारे. संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी या टप्प्याच्याही आधी लागते, फक्त मुख्य अभ्यासाच्या आधी नव्हे. हे उशिरा कळले तर चाचणीची माहिती वापरता येत नाही.

पहिल्या तीस जणांवर क्रॉनबॅक अल्फा आला ०.९३. १८ प्रश्नांच्या वेगवेगळ्या विचरणांची बेरीज ९.७२ होती, एकूण गुणांचे विचरण ८१. १८ भागिले १७, गुणिले एक वजा ०.१२. कागदावर हा उत्कृष्ट आकडा आहे, आणि इथेच थांबलो असतो तर कुणी हरकत घेतली नसती. पण फॉर्म एकेक करून पाहिले तेव्हा तीसपैकी अकरा जणांनी सगळीकडे ‘नेहमी’ दिले होते. यादीत एक उलटा प्रश्न होता, ‘सिस्टर तुमच्यावर ओरडायच्या का?’ त्यालाही ‘नेहमी’. म्हणजे ऐकलेच नव्हते. अकरा जण सगळीकडे वरच्या टोकाला आणि बाकीचे खाली, असे झाले की सगळे प्रश्न एकदम वर-खाली होतात, एकूण विचरण फुगते आणि अल्फा वाढतो. १९५१ मध्ये ली क्रॉनबॅक यांनी मांडलेला हा आकडा प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगतो. ते कशामुळे जुळले, हे तो सांगू शकत नाही.

हे अकरा जण कुठून आले, ते शोधले तेव्हा दोन कारणे सापडली. एक, मुलाखत बेडवर, गणवेशात, आणि दहा पावलांवर ड्युटीच्या सिस्टर. अजून टाके काढायचे असलेला माणूस त्यांच्यासमोर दुसरे काय म्हणणार? दुसरे कारण भाषेत होते. फॉर्मवर मुलाखत घेणाऱ्याचा क्रमांक असल्याने दिसले, की अकरापैकी आठ फॉर्म एकाच विद्यार्थिनीचे. तिने काहीही गैर केले नव्हते. ती फक्त आपुलकीने विचारत होती : “सिस्टर बोलावल्यावर लवकर यायच्या ना?” कागदावर ‘का’ आणि तोंडी ‘ना’. ‘ना’ म्हटले की प्रश्न संपतो आणि होकाराची अपेक्षा उरते. मोठ्या माणसाला नाही म्हणायला जड जाते. यानंतर सगळ्यांनी एकमेकींच्या मुलाखती ऐकल्या, प्रश्न शब्दशः वाचायचा ठरला, आणि शेवटचा ‘का’ फॉर्मवर ठळक छापला.

जागाही बदलली. डिस्चार्ज कार्ड हातात पडल्यानंतर, औषधे किंवा गाडीची वाट पाहत रुग्ण बसलेला असतो, तो वेळ निवडला. बाहेरच्या बाकावर, साध्या कपड्यांत, त्या वॉर्डात पोस्टिंग नसलेल्या विद्यार्थिनीने विचारायचे. नाव विचारायचे नाही. संमतीपत्रातच सांगायचे, की उत्तर काहीही दिले तरी पुढच्या तपासणीवर परिणाम होणार नाही.

पहिल्या चाचणीनेच दोन प्रश्नही गाळले. ‘सिस्टर प्रेमाने बोलायच्या का?’ आणि ‘सिस्टर आपुलकीने वागायच्या का?’ यांना जवळजवळ सगळ्यांनी एकच उत्तर दिले होते. असे जुळे प्रश्न अल्फा वाढवतात, पण नवे काही सांगत नाहीत, दुसरा काढला. ओरडण्याच्या प्रश्नाचा बाकीच्या एकूण गुणांशी संबंध, तो प्रश्न स्वतः बेरजेतून वगळून आणि गुण उलटे करून काढला, तर ०.१२ आला, ०.३० च्या खाली असेल तर तो प्रश्न बाकीच्यांबरोबर बेरजेत घेऊ नये असा संकेत आहे. ऐकले न जाणे हे एक कारण होतेच, पण लक्ष देऊन उत्तरे देणाऱ्यांतही गडबड होती. “ओरडल्या की! मी पाणी पीत होतो ऑपरेशनच्या आधी. माझ्या भल्यासाठीच ना?” असे सांगणाऱ्या आजोबांनी बाकी सगळीकडे चांगले गुण दिले होते. ओरडणे त्यांच्या हिशेबात वाईट सेवा नव्हती. तरी तो प्रश्न फेकून दिला नाही. बेरजेबाहेर, वेगळा, ‘हो/नाही’ आणि ‘कशावरून?’ असा ठेवला.

१६ प्रश्नांची दुसरी चाचणी झाली. ‘गरज पडली नाही’ असे एकही उत्तर नसलेले तीस पूर्ण फॉर्म मिळवायला ३७ रुग्णांना विचारावे लागले. हिशेब एक्सेलमध्ये होतो, वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. प्रत्येक ओळीत एक रुग्ण, २ ते ३१. B ते Q हे सोळा प्रश्न. R मध्ये बेरीज :

```
R2:   =SUM(B2:Q2)
B32:  =VAR.S(B2:B31)
R32:  =VAR.S(R2:R31)
R34:  =(16/15)*(1-SUM(B32:Q32)/R32)
```

R2 खाली R31 पर्यंत ओढायचे, B32 उजवीकडे Q32 पर्यंत. दोन ठिकाणी चुकते. ‘गरज पडली नाही’च्या जागी शून्य भरले, तर ते ‘कधीच नाही’पेक्षाही वाईट ठरते, तो चौकोन रिकामाच ठेवायचा आणि अल्फासाठी ती ओळ घ्यायची नाही. आणि उलटा प्रश्न बेरजेत ठेवायचा असेल तर त्याचे गुण आधी ५ वजा उत्तर असे फिरवायचे. ते विसरले की अल्फा कमी येतो आणि लोक चांगले प्रश्न गाळत बसतात.

विचरणांची बेरीज ९.६ आली, एकूण विचरण ४९, अल्फा ०.८६. पहिल्यापेक्षा कमी. सगळीकडे ‘नेहमी’ म्हणणारे या वेळी दोनच होते, आणि दोघांनीही ओरडण्याच्या प्रश्नाला वेगळे, विचार करून उत्तर दिले. म्हणजे ते खरोखर खूश होते. ०.९३ पेक्षा या ०.८६ वर आमचा जास्त भरवसा आहे, आणि प्रबंधात दोन्ही आकडे कारणांसह दिले.

काही गोष्टी केल्या नाहीत. प्रश्न खरोखर त्या सहा विभागांत पडतात का, हे आकड्यांतून पाहणारे घटक-विश्लेषण केले नाही. एका प्रश्नामागे पाच ते दहा रुग्ण लागतात, म्हणजे सोळा प्रश्नांना किमान ऐंशी, आमचे साठच. त्यामुळे सहा विभागांचे वेगवेगळे गुण देऊन ‘माहिती देण्यात कमी, धीर देण्यात जास्त’ असे म्हणायला आधार नव्हता. रचना-वैधता सिद्ध झाली असे लिहिले नाही. तीच प्रश्नावली काही दिवसांनी परत विचारून पडताळणेही टाळले. डिस्चार्ज झालेल्या रुग्णाला तीन दिवसांनी फोन केला, तर तो घरी आहे, टाके निघालेत, जीव भांड्यात पडलेला आहे. उत्तर बदलले तर दोष प्रश्नावलीचा की परिस्थितीचा, हे सांगता येणार नाही.

गुण कसे द्यायचे, हे मुख्य अभ्यास सुरू करण्यापूर्वी लिहून मार्गदर्शकांची सही घेतली. सोळा प्रश्न, किमान १६, कमाल ६४. तीनपर्यंत प्रश्नांना ‘गरज पडली नाही’ आले, तर उरलेल्यांची सरासरी गुणिले १६ : चौदा उत्तरांचे ४९ गुण असतील, तर ३.५ गुणिले १६, म्हणजे ५६. तीनपेक्षा जास्त रिकामे असतील, तर तो फॉर्म एकूण गुणांत धरायचा नाही. ‘५० टक्क्यांखाली असमाधानी, ७५ च्या वर पूर्ण समाधानी’ अशी विभागणी केली नाही, कारण त्या रेषा कुठून आल्या याचे उत्तर कुणाकडे नसते, आणि जवळजवळ सगळेच रुग्ण सगळ्यात वरच्या गटात जातात. त्याऐवजी प्रत्येक प्रश्नाला किती जण ‘नेहमी’ म्हणाले, ते दाखवले. इन्चार्ज सिस्टरांनी तक्त्यात सरळ तोच स्तंभ पाहिला आणि घरी जाताना औषधे समजावून सांगण्याच्या ओळीवर बोट ठेवले.

ही प्रश्नावली पुढच्या वर्षी प्रसूती वॉर्डात वापरायची आहे. तिथे आडोशाचा प्रश्न चालेल, धीर देण्याचा चालेल. पण ड्रेसिंगचे दोन प्रश्न बदलावे लागतील, बाळाला पाजायला शिकवण्याबद्दल नवे लागतील, आणि ‘सिस्टर कोण’ हे पुन्हा पहिल्यापासून विचारावे लागेल, कारण तिथे लेबर रूमच्या सिस्टर वेगळ्या आणि वॉर्डच्या वेगळ्या. पुन्हा आठ बाया, पुन्हा तेच दोन प्रश्न.